पडद्यावरची मराठी : देवनागरी की रोमन?



हीरक महोत्सवाच्या सायंकाळी सभागृहातील दिवे मंद होतात आणि पडद्यावर साठ वर्षांची छायाचित्रे एकामागून एक येऊ लागतात. प्रत्येक चित्राखाली एक ओळ असते. मध्येच एखाद्या निवृत्त शिक्षिकेची मुलाखत येते, तिच्या बोलण्याबरोबर खाली उपशीर्षके सरकतात. दिवंगत गुरुजनांच्या नावांची एक स्लाइड येते, आणि शेवटी शाळेचे प्रार्थनागीत. ही सारी अक्षरे कोणत्या लिपीत असावीत, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत बहुधा शेवटच्या आठवड्यात उपस्थित होतो. मग एक पक्ष म्हणतो, मराठी शाळेच्या कार्यक्रमात देवनागरीखेरीज दुसरे अक्षर दिसता कामा नये. दुसरा पक्ष म्हणतो, माजी विद्यार्थ्यांची मुले इंग्रजी शाळांत शिकली आहेत, त्यांना वाचता यावे म्हणून सगळे रोमन अक्षरांत लिहावे. दोन्ही पक्षांच्या मनात शाळेविषयीचे प्रेमच असते. मात्र लिपीचा वाद रंगात येतो तेव्हा सभागृहात बसलेल्या माणसाचा विसर पडतो.

तो माणूस एका प्रकारचा नसतो. बृहन्महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात हे चटकन दिसून येते. शाळेतच शिकलेले माजी विद्यार्थी आणि शिक्षक यांचे कान मराठी आहेत आणि डोळेही देवनागरीला सरावलेले आहेत. त्यांच्या मुलांपैकी अनेकांचे कान मराठी आहेत. आजीशी ती मराठीत बोलतात, पण वाचन झालेले असते ते इंग्रजीचे. इंदूर किंवा ग्वाल्हेरसारख्या हिंदी मुलखात तिसरी एक तऱ्हा आढळते. तेथील मूल हिंदीमुळे देवनागरी सफाईने वाचते, पण मराठी शब्दाचा अर्थ त्याला लागेलच असे नाही. ‘शिक्षा’ हा शब्द त्याला अचूक वाचता येतो. मात्र मराठीत त्याचा अर्थ दंड असा आहे हे ठाऊक नसल्याने, पट्टीचा मार खाणाऱ्या वर्गाच्या चित्राखाली तो शब्द पाहून ते शिक्षणाचेच चित्र समजते. चौथे असतात पाहुणे, शेजारी, आणि दुसऱ्या भाषेतून या घरांत आलेल्या सुना-जावई. त्यांना ना भाषा येते, ना कित्येकांना लिपी.

या चौघांपैकी रोमन लिपीतील मराठी नेमकी कोणाच्या उपयोगी पडते? केवळ दुसऱ्याच्या. पहिल्याला तिची गरज नाही. तिसऱ्याला देवनागरी येतेच. त्याची अडचण अर्थाची आहे. चौथ्याला रोमन अक्षरे उच्चारता येतील, पण उच्चारून हाती काही लागणार नाही. त्याला हवे ते भाषांतर. रोमन लिपी म्हणजे भाषांतर नव्हे, ही साधी गोष्ट ऐन घाईत विसरली जाते आणि परभाषी पाहुण्यांच्या सोयीसाठी म्हणून संपूर्ण मराठी मजकूर रोमनमध्ये लिहून टाकला जातो. परिणामी पाहुण्यांना काहीच कळत नाही आणि घरच्यांना वाचताना ठेचा लागतात.

या ठेचा का लागतात, ते नीट पाहण्यासारखे आहे. मुलाखतीत शिक्षिका एक साधे वाक्य बोलतात असे समजावे: ‘वेळ झाली की बाई घंटा वाजवायच्या आणि मुले पटांगणावर पळत.’ पडद्यावर ते असे उमटते:

```
Vel zali ki bai ghanta vajvaychya
ani mule patanganavar palat
```

पहिलाच शब्द ‘वेळ’ आहे की ‘वेल’, हे अक्षरांवरून ठरत नाही. mule म्हणजे ‘मुले’, ‘मुळे’, की मुळे आडनावाचे गृहस्थ? palat हे ‘पळत’ असेल, ‘पाळत’ असेल, ‘पालट’ही असेल. नेहमीच्या रोमन लेखनात ल आणि ळ एक होतात, त आणि ट एक होतात, द आणि ड, न आणि ण एक होतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिणाऱ्याच्या मर्जीवर उरतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर din या तीन अक्षरांत राहत नाही. तरीही मराठी कानाचा माणूस हे वाक्य समजून घेतो. तो अक्षरे वाचत नाही. अक्षरांच्या इशाऱ्यावरून ओळखीचा शब्द आठवतो, आणि पुढच्या शब्दाशी तो जुळतो का ते पाहून पटेनासा झाल्यास मागे येतो. हे मागे येणे बाहेरून दिसतेही. रोमन मराठी वाचणाऱ्याचे ओठ हलतात, आणि ओळ संपण्याआधी त्याची नजर एकदा तरी सुरुवातीकडे परतते.

यातून निवडीचा खरा निकष हाती येतो. रोमन लिपीतील मराठी वाचणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. शब्द आधीपासून ठाऊक असेल, किंवा त्याच क्षणी ऐकू येत असेल, तर गळलेले भेद कान भरून काढतो. मजकूर नवा असेल आणि पडद्यावर केवळ शांतता असेल, तर ते भेद भरून काढणारे कोणी नसते. म्हणून ‘प्रेक्षकांना देवनागरी येते का’ या प्रश्नाइतकाच ‘ही ओळ पडद्यावर असताना कानावर काय पडत आहे’ हाही प्रश्न विचारला पाहिजे.

मराठीच्या इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. गोव्यात साष्टीच्या परिसरात काम करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापला, कारण मुद्रणालयात देवनागरीचे खिळे नव्हते. तो मुख्यतः वाचून दाखवण्याचा ग्रंथ होता. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक. आणि ऐकणाऱ्यांपर्यंत ओवी पोहोचे ती नादाने. देवनागरीत तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. रोमन लिपीतील कोंकणीची परंपरा आजही तेथे जिवंत आहे आणि तिने स्वतःची शिस्त घडवली आहे. तिच्यात ळसाठी अक्षर दुप्पट करतात, vell म्हणजे ‘वेळ’. ती शिस्त लहानपणापासून शिकलेल्या वाचकाला रोमन लिपी अपुरी वाटत नाही. आपापल्या भ्रमणध्वनीवर घाईने टंकलेल्या रोमन मराठीला मात्र अशी कोणतीच शिस्त नाही. एकाच घरात आई ahe लिहिते आणि मुलगा aahe.

शिस्त हवीच असेल तर आंतरराष्ट्रीय प्रमाण लिप्यंतर आहे, असे विद्वान सुचवतात. २००१ च्या आयएसओ १५९१९ या मानकात ळसाठी अक्षराखाली टिंब आहे आणि दीर्घ स्वरांवर आडवी रेघ. ग्रंथालयातील सूचीसाठी ही पद्धत उत्तम. पण ज्या मुलासाठी रोमन लिपी योजली, त्याला त्या टिंबाचा अर्थ कोणी शिकवलेला नसतो, आणि शेवटच्या रांगेतून ते टिंब दिसतही नाही. टसाठी मोठा T आणि ळसाठी मोठा L वापरण्याची संगणकी पद्धतही येथे निरुपयोगी ठरते. शब्दाच्या मध्येच आलेले मोठे अक्षर मुलांना चूक वाटते, आणि सजावटीसाठी सगळी ओळ मोठ्या अक्षरांत केली की तो भेदही पुसला जातो. यंत्राने अक्षरशः केलेले लिप्यंतर तर ‘करतो’चे karato आणि ‘सरकार’चे sarakara करते. मराठी तोंडात अ कुठे गळतो हे यंत्राच्या तक्त्यात नसते. म्हणून रोमन वापरायचीच झाली तर बोलीतल्यासारखी लिहावी, karto, sarkar. आणि संपूर्ण कार्यक्रमभर एका शब्दाचे एकच लेखन ठेवावे. दहा-पंधरा वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी एका कागदावर करून ठेवली तरी हे साधते.

आता त्या सायंकाळच्या कार्यक्रमाकडे परतावे आणि एकेक भाग या निकषावर तपासावा.

प्रार्थनागीताचा निर्णय सर्वांत सोपा आहे. सूर चालू आहे, शब्द ऐकू येत आहेत, निम्मे सभागृह उभे राहून गात आहे. येथे दोन्ही लिप्या दाखवाव्यात. वर देवनागरी, खाली रोमन, आणि एका वेळी गीताच्या दोनच ओळी. येथे रोमन ओळीला कानाचा पूर्ण आधार आहे, आणि गाण्यात सामील होता येणे हे त्या मुलांसाठी साऱ्या सायंकाळचे सार असू शकते. फक्त रोमन ओळीत गाताना लांबणारा स्वर दिसावा म्हणून आकाराला aa लिहावे. बाकी सोस करू नये.

मुलाखतीची उपशीर्षके हा अवघड भाग. आवाज आहे, म्हणून येथेही रोमन चालेल असे प्रथम वाटते. पण उपशीर्षकांची गरज मुळात का पडते? वृद्ध शिक्षिकेचा आवाज क्षीण असतो, सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत तो घुमतो, मागे कोणाचे तरी बाळ रडत असते. तीच चित्रफीत पुढे भ्रमणध्वनीवर पाहिली जाते तेव्हा आवाज बंदच असतो. ज्या क्षणी कान अपुरा पडतो त्याच क्षणासाठी उपशीर्षक लिहिलेले असते, आणि नेमक्या त्याच क्षणी रोमन मराठीचा आधार तुटतो. म्हणून सभागृहातील उपशीर्षके देवनागरीतच असावीत.

येथे कोणीतरी तडजोड सुचवते, की दोन्ही लिप्या एकावर एक द्याव्यात. गीतात जे शोभते ते मुलाखतीत शोभत नाही. उपशीर्षकाला पडद्यावर दोन ओळींचीच जागा असते. त्यातील एक रोमनला दिली की प्रत्येक वाक्य दुपटीने तुटते आणि दुपटीने लवकर बदलते. दोन्ही प्रकारच्या वाचकांची नजर आपली ओळ शोधण्यात जाते, आणि शिक्षिकेच्या चेहऱ्याकडे पाहायला कोणालाच वेळ उरत नाही. त्यापेक्षा महाजालावर ठेवायच्या प्रतीसाठी रोमन उपशीर्षकांची आणि भाषांतराची स्वतंत्र फाइल करावी. घरी बसलेला प्रेक्षक हवी ती निवडू शकतो. सभागृहात ती सोय नसते.

दिवंगत गुरुजनांच्या स्लाइडवर आवाज नसतो. असला तर मंद वाद्यसंगीत. नावे कित्येकांना नवी असतात, आणि चुकीचे वाचलेले नाव घरच्यांच्या जिव्हारी लागते. ‘कै.’ ही दोन चिन्हांची आदराची खूण रोमनमध्ये Kai. अशी लिहिली की नव्या पिढीतील वाचक ती ‘काय’ अशी वाचतो. Kale हे ‘काळे’ की ‘काले’, Dange हे ‘डांगे’ की ‘दांगे’, हे ज्याने त्या व्यक्तीला पाहिलेच नाही त्याने कसे ठरवावे? निवेदकाच्या हातातील कागदही रोमनमध्ये असला तर तो प्रसंग पडद्यावरून व्यासपीठावर येतो. म्हणून ही स्लाइड देवनागरीत, पूर्ण नावासह. मात्र त्याखाली लहान अक्षरांत रोमन नाव अवश्य द्यावे, आणि तेही आपल्या मनाने लिप्यंतर करून देऊ नये. त्या व्यक्तीने आयुष्यभर आपली सही जशी केली, प्रमाणपत्रांवर जसे नाव लिहिले, तसेच घरच्यांकडून विचारून द्यावे. रोमन नाव हे लिप्यंतर नसते. तेही त्या माणसाचे एक नावच असते. ‘कै.’ ही खूण मात्र त्या ओळीत घेऊ नये.

छायाचित्रांखालील ओळींना हाच न्याय. त्या मूक असतात आणि नवी माहिती सांगतात. देवनागरी हीच त्यांची लिपी. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी तेथे रोमन मराठीपेक्षा स्थळ आणि सालाचा इंग्रजी उल्लेख अधिक कामाचा.

देवनागरी निवडली म्हणजे काम संपले, असा समज मात्र फसवा आहे. वाचता न येणारी देवनागरी ही रोमनपेक्षाही वाईट. एकाच आकारमानाच्या अंकात देवनागरी अक्षराचे मुख्य अंग रोमनच्या मानाने लहान दिसते, कारण त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार-रुकार सामावायचे असतात. रोमनसाठी आखलेल्या साच्यात देवनागरी ओतली की दोन ओळींमधील अंतर कमी पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढतो. ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवले की ही गर्दी सुटते. अनेकदा उपशीर्षकामागची काळी पट्टी रोमन उंचीची असते आणि ‘वर्षपूर्तीनिमित्त’ या शब्दाचे रफार तिच्याबाहेर जाऊन पांढऱ्या भिंतीत विरून जातात.

ओळीच्या लांबीचा हिशोबही वेगळा आहे. ‘वेळ झाली की बाई घंटा वाजवायच्या’ या ओळीत वाचणाऱ्याला चौदा अक्षरे दिसतात. संगणक मात्र काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण स्वतंत्र मोजतो. त्याच्या लेखी ही ओळ मधल्या मोकळ्या जागांसह ३१ चिन्हांची आहे. उपशीर्षके तयार करणारी प्रणाली चिन्हांच्या मर्यादेवरून ओळ आपोआप तोडत असेल, तर देवनागरी ओळ ती गरजेपेक्षा लवकर आणि भलत्याच ठिकाणी तोडते. म्हणून ओळ हाताने तोडावी, आणि अर्थाच्या सांध्यावर तोडावी. वरच्या वाक्यात तो सांधा ‘आणि’च्या आधी आहे.

अक्षरजुळणीत बिघाड झाला तर तो ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ‘विद्यार्थी’ या शब्दातील पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर दिसली, किंवा जोडाक्षरे सुटून पाय मोडलेली अक्षरे दिसू लागली, तर चित्रफीत संकलनाची प्रणाली देवनागरीची जुळणी करत नाही. तिच्यातील भारतीय लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. मजकुराच्या जागी `à¤®` अशी चिन्हांची रांग उमटली, तर फाइल यूटीएफ-८ पद्धतीने वाचली जात नाही. तिसरा बिघाड सर्वांत लबाड, कारण तो सुबक दिसतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. केवळ हिंदीचा विचार करून केलेल्या काही फाँटांत मराठीचा तो अर्धा ऱ नीट उमटत नाही, किंवा टंकणाऱ्यालाच त्याची कळ ठाऊक नसते. मग कार्यक्रमात भोजनव्यवस्थेच्या आभाराच्या स्लाइडवर आचाऱ्यांऐवजी आचार्य येऊन बसतात. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ती प्रमाण म्हणून ठरवून दिली. हिंदी वळणाने वाचन अडत नाही, पण शाळेच्या फळ्यावर साठ वर्षे गिरवलेला ल पडद्यावर वेगळाच दिसला तर जुन्या विद्यार्थ्याला ते खटकतेच.

आणि देवनागरीलाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. ‘जग’ हा शब्द विश्वाचा की पाण्याच्या भांड्याचा, हे तिच्यातही उमटत नाही. उच्चार वेगळे, अक्षरे तीच. हिंदीतून देवनागरी शिकलेले मूल ‘चांगला’मधला च हिंदीसारखाच उच्चारते. त्यावर पडद्याकडे उपाय नाही. तो आजीकडेच आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमाआधी एक तालीम घेणे शक्य असते, आणि तिला सभागृह लागत नाही. पडद्याची उंची दोन मीटर आणि शेवटची रांग सोळा मीटरवर असेल, तर ते अंतर पडद्याच्या उंचीच्या आठपट झाले. संगणकाच्या पडद्याची उंची वीस सेंटीमीटर असेल तर त्याच्यापासून एकशे साठ सेंटीमीटर दूर उभे राहिले की शेवटच्या रांगेतील दृश्य मिळते. तेथे दोन माणसांना उभे करावे. एक सत्तरीतील माजी विद्यार्थिनी, चष्म्यासह. दुसरा तिचा नातू. मजकूर मोठ्याने वाचू देऊ नये. ओळ निघून गेल्यावर ती काय सांगत होती, एवढेच विचारावे. आजी अडखळली तर अक्षर लहान आहे, ओळींची दाटी झाली आहे, किंवा ओळ लवकर निघून गेली आहे. नातू अडखळला तर त्या ओळीच्या जागी त्याला गीत हवे आहे, नाव हवे आहे, की भाषांतर, हे त्याच्याच उत्तरावरून कळते. गीताच्या स्लाइडवर मात्र दोघांनाही मोठ्याने गाऊ द्यावे, आणि नातू कोणत्या शब्दावर थांबतो तेथे पेन्सिलीने खूण करावी.